शनीची दशा आणि सावित्रीची पातळी

महाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्स सांभाळणाऱ्या एका इंजिनिअरची ही गोष्ट. गाव पोलादपूरकडचं, बिऱ्हाड महाडच्या बाजारपेठेत, तेही तळमजल्यावर. पंपाचं बेअरिंग किती दिवस काढेल हे तो आवाजावरून सांगतो. पण तेच कुणी ग्रहांवरून सांगितलं की त्याचं डोकं सटकतं. त्याच्या आईचं मात्र ग्रहांशी बरं होतं. 2010 सालच्या मे महिन्यात तिने पोलादपूरच्या गुरुजींना लेकाची पत्रिका दाखवली. गुरुजी म्हणाले, शनीची महादशा लागली, आता 19 वर्षं सांभाळून. नुसतं म्हणून थांबले असते तर ही गोष्टच घडली नसती. त्यांनी फुलस्केप कागदावर सगळं भविष्य लिहून दिलं आणि खाली तारीख टाकली. ज्योतिषाने कधीही करू नये अशी ही गोष्ट.

आता, महादशा म्हणजे साडेसाती नव्हे. साडेसाती आकाशातल्या चालत्या शनीची, साडेसात वर्षांची. महादशेचं गणित जन्मवेळच्या चंद्रावर चालतं. नऊ ग्रहांनी 120 वर्षं आपसात वाटून घेतली आहेत. राहूला 18, गुरूला 16, शनीला 19, आणि असंच बाकीच्यांना. जन्मताना चंद्र नक्षत्रात किती पुढे सरकला होता, त्यावरून पहिल्या ग्रहाची किती वर्षं उरली ते ठरतं. पुढे ओळीने एकेकाची पाळी. आमच्या इंजिनिअरचं नक्षत्र स्वाती, म्हणजे सुरुवात राहूपासून. राहू आणि गुरू उरकून तो अठ्ठाविसाव्या वर्षी शनीच्या हाती लागला. त्या 19 वर्षांतही पुन्हा नऊ ग्रहांच्या अंतर्दशा असतातच. हेड ऑफिस शनीचं, कारभार शाखा बघतात.

कागदावर चार शाखांचं भविष्य होतं. शनीत बुध: परदेशगमन. शनीत केतू: प्रवासात मोठा अपघात. शनीत शुक्र: पदोन्नती, नवी वास्तू, वडिलोपार्जित जमिनीचा लाभ. शनीत चंद्र: जलभय, मातेस पीडा. इंजिनिअरने कागद लॅमिनेट केला आणि फॅक्टरीतल्या चेकलिस्टशेजारी लावला.

बुध आला आणि 2016च्या जानेवारीत गेला. परदेशगमन पुण्यापर्यंत झालं. पोलादपूरच्या हिशेबाने ते परदेशच, असं गुरुजी म्हणाले. शुक्राच्या तीन वर्षांत बढती नाही, वास्तूही नाही. हायवेच्या चौपदरीकरणात जमिनीचा तुकडा गेला, मोबदला आला, पण सातबाऱ्यावर इतकी चुलत नावं होती की याच्या वाट्याला फ्रिज आला. अर्धा गुण द्यायला हरकत नाही. फ्रिजही तळमजल्यावरच ठेवला.

मग लागला चंद्र: एप्रिल 2021 ते नोव्हेंबर 2022. आणि 22 जुलै 2021 रोजी सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. फ्रिज तरंगला. गुरुजींचा फोन लागला नाही, कारण टॉवरही बंद होते, लागला तेव्हा त्यांनी तीनच शब्द उच्चारले, "जलभय म्हटलं होतं." इंजिनिअर दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी चिखल काढता काढता त्याने गल्लीतल्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, "तुमची महादशा कुठली?"

120 वर्षांतली 19 शनीची, म्हणजे ढोबळमानाने सहा माणसांत एकाला शनी. पाणी मात्र सहाही घरांत शिरलं होतं. किराणावाल्याला शुक्राची दशा चालू होती, म्हणजे सुखाची. त्याची साखर वाहून गेली. सोनाराला गुरू होता. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते, आणि 23 जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तिथे सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला होता. ते पाणी घाटाखाली येणार, वाटेत काळ आणि गांधारी त्यात भर घालणार, आणि बाणकोटच्या खाडीत भरती असेल तर पुढे सरकायला जागा नाही. महाडच्या तळमजल्यावरच्या माणसाला 19 वर्षांत एकदा जलभय सांगायला शनी कशाला हवा? आणि मातेस पीडा? ती पोटमाळ्यावर खुर्ची टाकून बसली होती, आणि पीडा खाली सामान उचलणाऱ्यांना होत होती.

पण इंजिनिअरला झोप येईना. चंद्राचीच अंतर्दशा, आणि पाणीच! म्हणून त्याने पंचांगांचं गणित तपासलं. गुरुजी दाते पंचांग वापरतात. कोकणात अजून पुष्कळ घरी टिळक पंचांग आहे, आणि दोघांच्या अयनांशात सुमारे चार अंशांचा फरक आहे. एक नक्षत्र 13 अंश 20 कलांचं, म्हणजे चार अंशांत त्याचा तीस टक्के भाग गेला. राहूच्या 18 वर्षांचे तीस टक्के म्हणजे सुमारे पाच वर्षं पाच महिने. टिळकांप्रमाणे शनी 2004च्या डिसेंबरातच लागला होता आणि पुराच्या दिवशी अंतर्दशा होती गुरूची, कृपेची. उलट 2005च्या जुलैत महाडला पूर आला तेव्हा दात्यांप्रमाणे शनी अजून यायचाच होता. शिवाय जन्मवेळ आजीने सांगितलेली: "गुरं गोठ्यात आली तेव्हा." चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे गुरं तासभर उशिरा आली असतील तर सगळ्या दशा नऊ महिने सरकल्या. कारखान्यात एवढा टॉलरन्स कुणी मागितला तर त्याला गेटबाहेर काढतात.

हे सगळं घेऊन तो पोलादपूरला गेला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "आणि केतू? 2016चा ऑगस्ट?" 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसट्या माणसांसकट गेल्या. इंजिनिअर त्या रात्री घरी जेवत होता. "अपघात लिहिला होता, तुम्ही वाचलात तो आईच्या शनिवारांमुळे," गुरुजी म्हणाले. "आणि मे महिन्यात तोच पूल तपासून वाहतुकीला योग्य ठरवणारे ज्योतिषी होते की इंजिनिअर?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि ते नसावंच. पण पुढचं त्याला सुचलं ते परतीच्या एसटीत. पूल पडल्यावर चौकशी आयोग बसला आणि शेजारी नवा पूल उभा राहून 2017च्या जूनमध्ये सुरू झाला. परदेशगमन पडलं, पदोन्नती पडली, त्यावर आयोग बसला नाही. शांतीची यादी मात्र आली.

असा आयोग एकदा बसवून पाहिला होता डॉ. जयंत नारळीकरांनी, पुण्यात, 2008 साली, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांना सोबत घेऊन. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या, आणि कुठली कुणाची ते ओळखायला ज्योतिषांना सांगितलं. प्रत्येकाला चाळीस. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास.

गुरुजींचा निकाल त्यामानाने वाईट नाही: सात भाकितांत दीड बरोबर, त्यातलं एक अख्ख्या बाजारपेठेचं, अर्धं चुलतभावांचं. दात्यांप्रमाणे शनी 2029पर्यंत आहे, टिळकांप्रमाणे 2023च्या डिसेंबरातच गेला. महाडकरांनो, पंचांग कुठलंही असो, जुलै लागला की फ्रिज वरच्या मजल्यावर न्या.