फळ्याचा भाष्यकार

परदेशी सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबांत फळ्याचा भाष्यकार एक तरी असतोच, आणि त्याने अकरावीला फ्रेंच घेतलेले असते ते बहुधा भाषेच्या प्रेमापेक्षा गुण भरपूर मिळतात म्हणून. पॅरिसमधील बिस्त्रो, म्हणजे मोजकी टेबले आणि घरगुती वळणाचा स्वयंपाक असलेली खाणावळ, आपल्या दारात ‘आर्दुआझ’ म्हणजे पाटी उभी करते. त्या दिवशीचे पदार्थ तिच्यावर खडूने लिहिलेले असतात, आणि जागा अपुरी, हात घाईत व वाचणारे नेहमीचे असल्यामुळे निम्मे शब्द मध्येच तोडलेले असतात. भुकेली मंडळी त्या पाटीपाशी घुटमळू लागली की भाष्यकार चष्मा पुसतो, हात पाठीमागे बांधतो आणि ताम्रपट वाचायला बोलावलेल्या विद्वानाच्या गांभीर्याने पुढे सरसावतो.

त्याचा पहिला घात अंक करतात. फ्रेंच हस्ताक्षरात एकाला डावीकडून वर चढणारी इतकी लांब रेघ असते की तो सातासारखा दिसतो, आणि म्हणूनच खऱ्या साताच्या अंगातून एक आडवी रेघ मारण्याची पद्धत आहे. भाष्यकाराला यातले काहीच ठाऊक नसल्याने 17 युरो या किमतीतला एक त्याला सात वाटतो, पुढचा सात खोडलेला वाटतो, आणि सतरा युरोंचा पदार्थ सात युरोंना मिळत असल्याची शुभवार्ता तो मंडळींना देतो. वास्तविक पाटीवर खरीखुरी खाडाखोडही असते. संपूर्ण ओळीवर रेघ ओढलेली असेल तर तो पदार्थ संपला, एवढाच तिचा अर्थ, कारण ऐन गर्दीत ओले फडके शोधण्यापेक्षा एक रेघ ओढणे सोपे पडते. भाष्यकार मात्र दिवाळीच्या सेलवर वाढलेला असतो, आणि खोडलेले ते स्वस्त, हा सिद्धांत त्याच्या अंगात मुरलेला असतो.

संक्षेपांच्या बाबतीत त्याचा आत्मविश्वास आणखी वाढतो. ‘ई अधिक पी’ म्हणजे ‘आंत्रे’ आणि ‘प्ला’, अर्थात सुरुवातीचा पदार्थ आणि मुख्य पदार्थ मिळून एकच ठरावीक किंमत. परंतु अमेरिकेत मुख्य पदार्थालाच ‘आंत्रे’ म्हणतात आणि भाष्यकाराचे चुलतभाऊ न्यू जर्सीत असल्याने तो एका किमतीत दोन जेवणे जाहीर करून मोकळा होतो. ‘पीडीटी’ म्हणजे बटाटे, कारण फ्रेंचमध्ये बटाट्याला जमिनीतले सफरचंद म्हणतात. भाष्यकाराला त्यातले फक्त सफरचंद आठवते. ‘गरम शेव्र’ या सॅलडमधली शेळी वाचून तो शाकाहारी मावशींना घाईघाईने मागे ओढतो, आणि शेळीच्या दुधाचे चीज भाजून पावावर ठेवलेला, बहुधा त्यांना चालला असता असा पदार्थ त्यांच्या हातून निसटतो. (अर्थात त्या सॅलडमध्ये कधीकधी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडेही टाकतात आणि पाटीवर ते लिहायला जागा उरतेच असे नाही, त्यामुळे विचारून घेणे केव्हाही बरे.)

त्याच्या विद्वत्तेचा कळस मात्र ‘आंदुयेत’ या शब्दापुढे लिहिलेल्या पाच ‘ए’ अक्षरांपाशी होतो. पाच ए म्हणजे पंचतारांकित, हा त्याचा निर्वाळा पूर्णपणे चुकीचा नसतो, कारण अस्सल आंदुयेतच्या चाहत्यांच्या एका संघटनेच्या नावातील पाचही मुख्य शब्द त्या अक्षराने सुरू होतात आणि चव घेऊन पसंत केलेल्या उत्पादकांना ती हा शिक्का देते. आंदुयेत म्हणजे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही आणि भाष्यकारही तो स्वतःहून उपस्थित करत नाही. डुकराची आतडी आणि पोट स्वच्छ करून, पट्ट्या कापून, पुन्हा आतड्यातच भरलेले हे सॉसेज त्र्वा या शहराच्या नावाने विशेष प्रसिद्ध आहे. सुरी लावताच आत पीठ झालेले मांस न दिसता पट्ट्यांचे वेटोळे उलगडते आणि गोठ्याची आठवण करून देणारा वास टेबलभर पसरतो. सात युरोंच्या हिशेबाने भाष्यकार स्वतःसाठी एक आणि काकांसाठी एक मागवतो, काका पहिल्याच घासाला “अरे, ही तर वजडी!” म्हणून खुशीत दुसरा घास घेतात, आणि भाष्यकार पोट ठीक नसल्याचे सांगून फक्त पीडीटी खातो.

बिल चौतीस युरोंचे येते. सातासातांच्या बेरजेतील ही तफावत तो स्थानिक कर म्हणून समजावून सांगतो, आणि अब्रू राखण्यासाठी वर पाच युरोंची टिपही ठेवतो. फ्रान्समध्ये पाटीवरच्या किमतीत कर आणि सेवाशुल्क दोन्ही आधीच धरलेले असतात.