सशुल्क रीलच्या प्रस्तावकास खुले पत्र

प्रति,
छोट्या व्यवसायांना सशुल्क रीलचे ई-मेल पाठवणारे सर्व कन्टेन्ट क्रिएटर

विषय : सांगलीतील अठ्ठावीस खुर्च्यांच्या खानावळीस आलेला प्रस्ताव

सशुल्क रीलच्या प्रस्तावाचे साधारणपणे चार भाग असतात : मायना, स्तुती, प्रेक्षकांचे आकडे आणि कामाची यादी दरासह. मायना पुष्कळदा दुसऱ्याच कुणाचा असतो. सदर ई-मेलची सुरुवात पुण्यातल्या एका ब्युटी पार्लरच्या नावाने झाली होती. स्तुतीत ‘तुमचे प्रॉडक्ट्स आम्हाला खूप आवडतात’ असे वाक्य होते. खानावळीचे प्रॉडक्ट म्हणजे पिठलं, दोन भाकरी, एक भाजी, आमटी आणि भात. ते आवडण्यासाठी एकदा येऊन जेवावे लागते, आणि प्रस्तावक आजवर आलेला नाही. त्याच मजकुराचे पन्नास ई-मेल एकाच दिवशी पन्नास ठिकाणी गेले असणार, हे उघड आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पत्रिका वाटणारा पोऱ्याही दार बघून थांबत नाही.

तक्रार आहे ती आकड्यांबद्दल. प्रस्तावात दोन आकडे ठळक अक्षरांत होते : फॉलोअर्स १ लाख ८४ हजार आणि प्रत्येक रीलला सरासरी ९४ हजार व्ह्यूज. पहिला आकडा जवळपास निरुपयोगी असतो, कारण रील फॉलो करणाऱ्या प्रत्येकाला दिसत नाही आणि फॉलो न करणाऱ्या पुष्कळांना दिसते. दुसरा आकडा खरा असतो, आणि म्हणूनच जास्त घातक. प्रत्येक रीलवर तिचे व्ह्यूज लिहिलेले असतात, त्यामुळे ही सरासरी कशी आली हे कुणालाही पाच मिनिटांत तपासता येते. शेवटच्या बारा रीलपैकी अकरा रीलना एकवीस हजारांच्या आसपास व्ह्यूज होते. बारावी रील पावसाळ्यातल्या एका धबधब्याची होती, तिला नऊ लाख. सगळ्यांची बेरीज साधारण ११ लाख ३१ हजार होते. तिला बारांनी भागले की ९४ हजार येतात. गणित चोख आहे. फक्त खानावळीत धबधबा नाही. बाराही आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला उचलला असता तर एकवीस हजार मिळाले असते, आणि पुढच्या रीलकडून तेवढीच अपेक्षा धरता येते.

आता या एकवीस हजारांपैकी सांगली-मिरजेतले किती, हा खानावळीपुरता एकमेव महत्त्वाचा प्रश्न. तो प्रस्तावात कुठेच नव्हता. इन्स्टाग्रामच्या ‘इनसाइट्स’मध्ये प्रेक्षकांची शहरे, वयोगट आणि स्त्री-पुरुष प्रमाण दिसते, पण ते फक्त खातेदारालाच दिसते. म्हणून ते मागून घ्यावे लागते. मागितल्यावर आलेल्या चित्रात मुंबई आणि पुणे वर होते, कोल्हापूर त्याखाली, आणि सांगली ९ टक्के. एकवीस हजारांचे ९ टक्के म्हणजे १,८९० व्ह्यूज. व्ह्यू म्हणजे माणूस नव्हे. एकाच माणसाने दोनदा पाहिले की दोन व्ह्यूज होतात. उदारपणे धरले तरी पंधराशे माणसे. एक लाख चौऱ्याऐंशी हजारांपासून निघालेला प्रवास पंधराशेंवर येऊन थांबतो, आणि दर मात्र पहिल्या आकड्यावर लावलेला असतो : अठरा हजार रुपये, शिवाय चार जणांचे जेवण.

हा दर वसूल कसा व्हावा, याचा हिशेब प्रस्तावात कधीच नसतो. थाळी १४० रुपयांना आहे. किराणा, गॅस, पगार आणि भाडे वजा जाता तिच्यामागे ३५ रुपये उरतात. अठरा हजार भरून निघायला ५१५ थाळ्या जास्तीच्या विकाव्या लागतील. पाहणाऱ्या पंधराशेंपैकी दर तिसऱ्या माणसाने उठून खानावळीत यावे, आणि तेही पूर्वी कधी न आलेल्याने. चाळीस सेकंदांच्या रीलकडून एवढी अपेक्षा धरणे हा रीलवरही अन्याय आहे.

इथे प्रस्तावकाच्या बाजूनेही एक खरी गोष्ट मांडता आली असती, पण त्याने ती मांडली नाही. दुपारी बारा ते तीन खुर्च्या भरलेल्या असतात आणि नेहमीचे लोक दारात ताटकळतात. तेव्हा आणखी गर्दी झाली तर मेसवाली पोरे आणि बँकेतले लोक दुसरी जागा शोधतील. रात्री मात्र अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्या वेळचे भाडे आणि पगार तसेही द्यायचेच असतात, म्हणून रात्रीच्या जास्तीच्या थाळीमागे ३५ नव्हे, साठ रुपये सुटतात. मग ५१५ ऐवजी तीनशे थाळ्या पुरतात, आणि त्या तीन-चार महिन्यांत पसरल्या तर अशक्य वाटत नाहीत. ‘तुमच्या खुर्च्या कधी रिकाम्या असतात?’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर प्रस्ताव दुपारच्या गर्दीचा न राहता रात्रीच्या पिठलं-भाकरीचा झाला असता. सांगलीतल्याच एखाद्या भडंगवाल्याचा हिशेब अर्थात वेगळा. तो कुरियरने पुण्या-मुंबईला माल पाठवतो, त्याला सांगलीबाहेरचे ते एक्क्याण्णव टक्केही गिऱ्हाईकच असतात. भाकरी कुरियरने जात नाही.

कामाच्या यादीत एक रील, तीन स्टोरी आणि एक पोस्ट होती. स्टोरी चोवीस तासांत जाते, हे लिहिलेले नव्हते. रील किती महिने खात्यावर राहील, टाकण्याआधी मालकीणबाईंना दाखवली जाईल का, चुकलेला पत्ता कोण दुरुस्त करेल, तीच चित्रफीत पुढे पैसे भरून जाहिरात म्हणून चालवायची परवानगी आहे का, यांपैकी काहीच नव्हते. सर्वांत साधी चूक वाराची होते. खानावळ सोमवारी बंद असते. रविवारी रात्री रील टाकली तर तिचा पहिला आणि बहुधा सर्वांत मोठा जोर सोमवारी कुलपावर आदळतो.

पुढचा भाग उपरोधाने लिहिण्यासारखा नाही. प्रस्तावात म्हटले होते की रील ‘एकदम ऑरगॅनिक’ वाटेल, पेडचा शिक्का लागणार नाही, कारण शिक्क्याने रीच पडते. हे बेकायदा आहे. जाहिरात मानक परिषदेचे इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. त्यांनुसार पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत जाहिरातीची खूण एक तृतीयांश वेळ दिसायला हवी; चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये म्हणजे तेरा-चौदा सेकंद. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की फुकट मिळालेली वस्तू किंवा सेवाही जाहीर करावी लागते. म्हणजे ते चार जणांचे जेवणसुद्धा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळीच दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तो व्यावसायिकालाही होऊ शकतो. ज्या बाईने आयुष्यात कधी शिळी भाजी वाढली नाही, तिच्याकडूनच अठरा हजार घेऊन तिला गिऱ्हाइकाशी खोटे बोलायला लावायचे, आणि वर त्याला सेवा म्हणायचे!

शेवटची ओळ याहून वाईट होती. पेड जमत नसेल तर टीम येऊन ‘ऑनेस्ट रिव्ह्यू’ करेल, असे त्यात होते. दर फेटाळल्यावरच ज्याला प्रामाणिकपणा आठवतो, त्याची मागणी बाजारात पूर्वीपासून ओळखीची आहे. तिला हप्ता म्हणतात. असा ई-मेल जपून ठेवावा, त्याला उत्तर देऊ नये, आणि तोच सूर फोनवर आला तर पोलिसांत द्यावा.

तरीही प्रस्तावक सरसकट लबाड असतो असे नाही. तो बहुधा विशीतला असतो, फोन हप्त्यावर घेतलेला असतो, आणि रोज पन्नास ई-मेल पाठवायला त्याला कुठल्यातरी ऑनलाइन क्लासने शिकवलेले असते. अर्धा दिवस चित्रीकरण, रात्रभर जोडणी, मधल्या एजन्सीचा वाटा, आणि पैसे कामानंतर दीड महिन्याने, तेही चार फोन केल्यावर. पुष्कळ हॉटेलवाले तर त्याला ‘जेवून जा, तेच तुझं मानधन’ म्हणून वाटेला लावतात. मोठा आकडा पुढे करण्याची सवय त्याला समोरच्यांनीच लावली आहे, कारण ‘फॉलोअर्स किती?’ यापलीकडे त्याला कुणी काही विचारत नाही. पेपरमध्ये पत्रके घालणाऱ्याला तरी याच व्यावसायिकांनी पत्रके खरोखर किती घरांत गेली हे कधी विचारले होते?

ज्या प्रस्तावाला उत्तर देता येते, तो लहान असतो. त्याचा नमुना असा :

‘नमस्कार काकू. गेल्या आठवड्यात रात्री तुमच्याकडे जेवून गेलो, तेव्हा सहा टेबलं रिकामी होती. माझ्या शेवटच्या बारा रीलचा मधला आकडा एकवीस हजार आहे, त्यातले सांगली-मिरजेतले साधारण नऊ टक्के. तुमच्यासमोर फोन उघडून दाखवतो. रात्रीच्या थाळीवर चाळीस सेकंदांची एक रील करेन. त्यात पत्ता, वेळ आणि सोमवारची सुट्टी असेल. टाकण्याआधी तुम्हाला दाखवेन, दोनदा बदल करून देईन. गुरुवारी संध्याकाळी टाकेन, सहा महिने काढणार नाही. जाहिरात असल्याचं त्यावर लिहिलेलं असेल. सहा हजार रुपये, अर्धे आधी. रील बघून आलेल्यांनी नाव सांगितलं तर ताक फुकट द्या, म्हणजे किती आले ते तुम्हालाच मोजता येईल.’

यातील सहा हजार साठ रुपयांच्या हिशेबाने शंभर थाळ्यांत सुटतात, आणि फुकट ताकाच्या खर्चापोटी पाच-दहा थाळ्या वर धराव्या लागतात. ताकाचे पेले गल्ल्याशेजारच्या वहीत रोज रात्री लिहावेत. महिनाभरात वहीत पन्नासही पेले भरले नाहीत तर दुसरी रील करू नये. ऐंशीच्या वर गेले तर प्रस्तावकाला आपण होऊन फोन करावा आणि उरलेले अर्धे पैसे त्याने मागण्याआधी द्यावेत.

आधीच्या प्रस्तावाला नकार कळवण्यात येत आहे. नव्या प्रस्तावासाठी दुपारी साडेतीननंतर समक्ष यावे, त्याआधी काकू तव्यासमोर असतात.