टीव्हीमागची भिंत

डोंबिवलीला मेहुण्याच्या घरी रंगकाम निघालं. हॉलच्या तीन भिंती चहा निवायच्या आत ठरल्या, कारण त्यांच्याकडे कुणी बघणारच नव्हतं. चौथीवर पंचावन्न इंची टीव्ही लागायचा होता, म्हणून तिच्यावरून महायुद्ध पेटलं. वहिनींना मरून हवा होता. मेहुण्याला कोळशासारखा काळा: "भाऊजी, थेटरात कसं असतं!" सासूबाईंचं म्हणणं, आहे तो पांढरा काय वाईट आहे? पेंटरला रंगाशी कर्तव्य नव्हतं, फिनिश तेवढं चकचकीत हवं होतं. फडकं मारलं की साफ.

थेटरचा मुद्दा ऐकायला जोरदार आहे, पण थेटरचा पडदा घरच्या टीव्हीपेक्षा बराच मंद असतो. पांढरं दृश्य आलं तरी तो जेमतेम ४८ निट उजेड देतो. टीव्ही सहज दोनशे-तीनशे देतो, एचडीआर असेल तर त्याहूनही जास्त. शिवाय थेटरातला पडदा नजर भरून टाकतो, तर हॉलमधला टीव्ही म्हणजे काळोखात ठेवलेली एक झगझगीत खिडकी. बाहुली काळोखाला सरावून मोठी झालेली असते, तेवढ्यात मालिकेतली सासू पांढऱ्याशुभ्र बंगल्यात शिरते आणि बाहुलीला घाईने आकसावं लागतं. रात्रभर हाच खेळ. डोळे दुखतात त्यात या फरकाचाही हात असतो. वर काळ्या भिंतीमुळे चित्र उठून दिसतं हाही भ्रमच. भोवती थोडा उजेड असला की पडद्यावरचा काळा अधिक काळा वाटतो. भोवती मिट्ट काळोख असला की तोच राखाडी, धुरकट दिसतो.

मरूनची अडचण निराळी. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनज्ञ रंगाई खात्यावर होते. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली. त्यांनी तपासलं, तर रंग चोख होता; शेजारचे रंग त्याला बिघडवत होते. १८३९ साली त्यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. लाल भिंतीसमोर टीव्ही ठेवला की पडद्यावरची माणसं किंचित हिरवट भासू लागतात. एवढ्यासाठी वहिनींनी लाडक्या नायकाला कावीळ झाल्यासारखं का बघावं?

सासूबाईंचा पांढरा तर फारच उजेड परत फेकतो. तेव्हा राहिला राखाडी, तोही मध्यम. काही शेडकार्डांच्या मागे एलआरव्ही नावाचा आकडा असतो: भिंत १०० पैकी किती उजेड परत करते तो. पांढरा साधारण ८५ च्या घरात, कोळसा दहाच्या खाली. आम्ही चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास थांबलो. पण राखाडी हा रंगांतला सर्वांत लबाड गडी. दुकानात साधुसंत, घरी आला की निळसर, जांभळट नाही तर शेवाळी. म्हणून मी भिंतीवर लगेच ब्रश फिरवू दिला नाही. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो टीव्हीच्या जागी टांगला आणि शेजारी कोरा पांढरा कागद लावला. कागदाशेजारी राखाडीची चोरी लगेच पकडली जाते. पहिला नमुना दुपारी ठीक होता, ट्यूबलाइट लावताच जांभळा झाला. दुसरा पास झाला.

फिनिश मात्र मॅटच. चकचकीत भिंतीत समोरची ट्यूब उमटते आणि टीव्हीच्या कडेला दुसरा एक उभा उजेड जागत बसतो. मॅटवर डाग पडतात हे पेंटरचं खरं आहे. पण टीव्हीच्या मागे कोण डोकं टेकणार?

इथे मेहुण्याचा शेवटचा प्रश्न आला: "मग दिवे बंद केल्यावर तुमचा राखाडी दिसणार कसा?" प्रश्न बिनतोड होता. भिंत स्वतः उजळत नाही; तिच्यावर पडेल त्यातलं थोडं ती परत करते. म्हणून टीव्हीच्या पाठीला कडेपासून थोडी आत एलईडी पट्टी लावली. रंग ६५०० केल्विन, म्हणजे बाजारात कूल डेलाइट म्हणतात तो. मूव्ही मोडमधला पडद्याचा पांढराही साधारण तोच असतो. पिवळी पट्टी लावली तर चित्र निळसर वाटतं. पट्टी इतकी मंद ठेवायची की भिंत पडद्यावरच्या पांढऱ्याच्या दहाव्या हिश्शाइतकीच उजळेल. भिंतीकडे लक्ष जाऊ लागलं, तर पट्टी जास्त झाली.

मरूनचं काय, तर तो सोफ्यामागच्या भिंतीवर गेला. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत टीव्हीमागची भिंत कधीच दिसत नाही, दिसते ती समोरची. ती गडद आणि मॅट असली की काचेतलं प्रतिबिंब कमी त्रास देतं. वहिनी खूश, सासूबाईंना छत पांढरं मिळालं. मेहुण्याच्या वाट्याला पट्टीचा रिमोट आला. त्यावर सोळा रंग आहेत आणि आयपीएलच्या सामन्यात तो निळाच लावून बसतो.