ट्रेलर पाहिला, पैसे वाचले

हल्ली ट्रेलर संपला की मी मनोमन निर्मात्याला दुवा देतो. तिकीट, पॉपकॉर्न आणि पार्किंग मिळून सात-आठशे रुपये त्याने वाचवलेले असतात. नायक गरीब, नायिकेचा बाप श्रीमंत, मध्यंतराला मित्राचा दगा, मग आईच्या छातीत कळ, शेवटी पावसात मारामारी आणि जिंकणार कोण हे सांगायलाच नको. तरीही सांगतातच. तीन मिनिटांत सगळा कारभार उरकतो. थिएटरात जायचं ते आता फक्त एसीसाठी.

यात एडिटरचा दोष क्वचितच असतो. त्याने पहिला कट बरा केलेला असतो. मग निर्माते येतात. "क्रेनचा शॉट कुठाय? दिवसभर भाड्याने आणली होती." मग वितरक येतो, त्याला विनोद हवे असतात. मग नायकाचा सेक्रेटरी, त्याला नायक हवा असतो. प्रत्येकाचं समाधान झालं की ट्रेलर तयार झाला असं समजतात आणि त्यात सिनेमाच राहिलेला असतो, फक्त घाईघाईत.

साधा हिशेब आहे. दोन तास वीस मिनिटांचा सिनेमा म्हणजे 140 मिनिटं. दोन मिनिटांचा ट्रेलर म्हणजे त्याचा सत्तरावा भाग. एकोणसत्तर भाग टाकायचेच आहेत, तेव्हा ‘काय घेऊ’ हा प्रश्न नसतोच. बघणाऱ्याला घरी जाताना कुठला एक प्रश्न छळला पाहिजे, एवढं आधी ठरवावं लागतं. तो प्रश्न उभा करायला लागेल तेवढं दाखवायचं, आणि उत्तराला जे जे चिकटलेलं असेल ते कितीही देखणं असलं तरी कापायचं.

‘कास्ट अवे’चं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. 2000 सालचा सिनेमा. विमान कोसळून टॉम हँक्स निर्जन बेटावर अडकतो. ट्रेलरमध्ये तो अडकतो, हाल सोसतो आणि चक्क सुटून परतही येतो. लग्नपत्रिकेवरच घटस्फोटाची तारीख छापावी, तसला प्रकार. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिसने त्याचं समर्थन केलं: लोकांना आपण काय बघायला चाललोय ते आधी नीट ठाऊक हवं असतं. सिनेमा धो धो चालला, त्यामुळे त्याला मूर्ख म्हणायची सोय नाही. मला वाटतं तो ट्रेलर निभावला तो एका कारणाने. त्या सिनेमाचा खरा प्रश्न ‘सुटतो का’ हा नव्हताच. चार वर्षं एकट्याने दिवस कसे काढायचे, आणि परतल्यावर आपली जागा उरते का, हा होता. म्हणजे ट्रेलरने शेवटाच्या जवळचं एक दार उघडलं, पण मुख्य खोलीला कुलूप राहिलं. आपल्याकडे नक्कल होते ती दार उघडण्याची. कुलूप कशाला लावायचं याचा विचार कोणी करत नाही.

आता हे घरच्या सिनेमावर करून बघू. 2004 चा ‘श्वास’. तुम्ही तो पाहिलाय असं गृहीत धरतो. वीस वर्षांत पाहिला नसेल तर त्याची जबाबदारी माझ्यावर नाही. कोकणातल्या परशुरामला डोळ्यांचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. आजोबा त्याला घेऊन शहरात आलेत. त्याचा ट्रेलर आज कापायला बसलो तर?

पहिला मोह म्हणजे रोगाचं नाव दडवायचं. ‘धक्का देऊ.’ चूक. तो धक्का नाही, ते इंजिन आहे. डोळे जाणार हे कळल्याशिवाय पुढच्या एकाही शॉटला वजन येत नाही. ते पस्तिसाव्या-चाळिसाव्या सेकंदाला सांगून टाकायचं. त्याआधी रुग्णालय आणि कोकण हे दोनच रंग: तिथली हिरवाई, पाणी, पळणारं पोर आणि इथले बंदिस्त कॉरिडॉर. संगीत अजून नको, नुसते आवाज. डॉक्टर बोलायला लागतो तेव्हा वाक्याचा पहिला अर्धा भाग डॉक्टरच्या, म्हणजे संदीप कुलकर्णीच्या, तोंडावर आणि दुसरा अर्धा अरुण नलावडेंच्या चेहऱ्यावर. बातमी सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा जास्त बोलतो, हे एवढं साधं असूनही ट्रेलरमध्ये लोक बोलणाऱ्यालाच धरून बसतात.

दुसरा मोह मोठा आहे. ‘शस्त्रक्रिया होणार की नाही?’ यावर सगळा ट्रेलर चढवायचा. घड्याळ, स्ट्रेचर, लाल दिवा, ढोल. पण ही शर्यत खोटी आहे, कारण आजोबांना पर्यायच नाही. शस्त्रक्रिया होणारच. खरे प्रश्न दोन: पोराला हे सांगायचं कोणी, आणि हातात उरलेल्या वेळात या डोळ्यांनी बघायचं काय. मधली चाळीस सेकंदं पहिल्याला द्यावीत. आजोबांच्याने सांगवत नाही, डॉक्टर म्हणतो सांगितलंच पाहिजे, समाजसेविका आसावरी मध्ये अडकलेली. इथे आवाज वाढवायचा नाही, कट जवळजवळ आणायचे. आधी शॉट चार सेकंद टिकत असेल तर आता दोन, मग एक. गती ढोलाने येत नाही, कट जवळ आल्याने येते.

आणि मग आजोबा-नातू रुग्णालयातून गायब होतात. सिनेमात हे फार पुढे येतं, पण ट्रेलरचा शेवट इथेच आहे. खाट रिकामी, कॉरिडॉरमध्ये धावपळ, ‘कुठे गेले?’ची शोधाशोध, आणि तिथेच आवाज तोडायचा. अर्धा सेकंद निव्वळ काळं. 24 फ्रेमच्या हिशेबाने 12 फ्रेम. मग सिनेमाचं नाव.

आता निर्माते येतील, आणि रास्तच विचारतील: "ते शहरात फिरतात ते कुठाय? सगळ्यात गोड तेच आहे!" गोड आहे म्हणूनच नाही. पोराला घेऊन आजोबा शहर दाखवायला गेले, हेच तर रिकाम्या खाटेचं उत्तर. त्यातला हसऱ्या चेहऱ्याचा एक शॉट, भले आठ फ्रेमचा, झपाझप माळेत घुसवला की ‘कुठे गेले?’ हा प्रश्न मेला. बघणाऱ्याच्या डोक्याला सेकंदाचा तिसरा भागही पुरतो. आणि शस्त्रक्रियेनंतरचा परशुराम? त्याची तर सावलीही नको. नाव येऊन गेल्यावर शेपटीला सात-आठ सेकंदं उरतात. एडिटरांच्या भाषेत त्याला बटण म्हणतात, आणि ते बहुधा विनोदावर खर्च होतं. इथे सुरुवातीच्या कोकणातलं पोराचं हसू लावावं. तो क्षण सिनेमाच्या सुरुवातीचा, त्यामुळे काहीच फुटत नाही, पण डोळे जाणार हे आता ठाऊक असल्याने तो पहिल्यासारखा दिसत नाही.

जमलं की नाही याची परीक्षा फुकटात होते. सिनेमा न पाहिलेला माणूस पकडायचा, एकदाच ट्रेलर दाखवायचा आणि विचारायचं, "काय वाटलं?" त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली तर कापाकापीला परत बसा. त्याने प्रश्न विचारला तर लॉक करा. ही परीक्षा एडिटरने स्वतःवर घेऊन उपयोग नाही. त्याने तो सिनेमा इतक्यांदा पाहिलेला असतो की त्याला सगळंच अर्धवट सांगितल्यासारखं वाटतं, म्हणून तो आणखी एक शॉट टाकतो, आणि बहुधा तोच घात करतो.

खोटेपणाही थोडा चालतो, त्यात नवल नाही. दोन वेगळ्या प्रसंगांतली वाक्यं जोडून ट्रेलरमध्ये एकच वाक्य होतं. ओळखायचं कसं? बोलणाऱ्याचं तोंड कधी दिसत नाही ते बघा. वाक्याच्या मध्येच कॅमेरा त्याच्या पाठीवर, खिडकीवर किंवा गाडीच्या चाकावर गेला, की सांधा तिथे आहे. पुढचा अर्धा भाग भलत्याच दिवशीचा. ही चलाखी मला मान्य आहे, कारण ती वेळ वाचवते. मान्य नाही ती कुठलंही जुनं गाणं गोगलगायीच्या चालीने पियानोवर वाजवून आपण फार गंभीर आहोत असं भासवण्याची फॅशन. ‘द सोशल नेटवर्क’च्या ट्रेलरने 2010 मध्ये मुलींच्या कॉयरने गायलेलं रेडिओहेडचं ‘क्रीप’ वापरलं, ते त्या एकट्या, मैत्रीसाठी तडफडणाऱ्या गोष्टीला शोभलं. तेव्हापासून सगळेच रडतात, अगदी डायनासोरसुद्धा.

शेवट लपवायचाच म्हटलं तर आता मोबाइलची पंचाईत आहे. पब्लिक एकेक फ्रेम थांबवून बघतं. 2021 मध्ये ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’च्या ट्रेलरमधून जुने दोन स्पायडर-मॅन संगणकावर पुसून टाकले होते. पण ब्राझीलमध्ये आलेल्या आवृत्तीत त्यातल्या सरडारूपी खलनायकाच्या तोंडावर ठोसा बसताना दिसला, आणि ठोसा मारणारा कोणीच नाही! माणूस पुसला, ठोसा पुसायचा राहिला. चाहत्यांना उत्तर मिळालं. पण बघा, एवढा खटाटोप करून त्यांनी शेवट लपवायचा प्रयत्न तरी केला. आपल्याकडे तो पोस्टरवर छापतात.

आणि फसवणूक झाली म्हणून भांडायला जाल तर निकाल आधीच लागलाय. 2016 च्या ‘फॅन’ची जाहिरात ‘जबरा फॅन’ गाण्यावर चालली, सिनेमात गाणं नव्हतंच. औरंगाबादच्या एका शिक्षिका ग्राहक मंचात गेल्या. जिल्हा मंचाने नाही म्हटलं, राज्य आयोगाने दहा हजारांची भरपाई आणि पाच हजार खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला आणि एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. प्रसिद्धीचा ट्रेलर हा करार नाही की वचन नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे ट्रेलरमध्ये आहे ते सिनेमात नसलं तर दाद नाही. सिनेमात आहे ते सगळं ट्रेलरमध्ये असलं, तर त्यावर कोणी तक्रार केल्याचं माझ्या तरी कानावर नाही. तेव्हा स्वतःच सांभाळा: पहिल्या चाळीस सेकंदांत प्रश्न कळला असेल तर ट्रेलर बंद करा आणि तिकीट काढा. कळला नसेल तर तिकीटही काढू नका.