शुभमंगल, आणि सावधान!

फोटोत वधूवरांवर अक्षता पडताहेत. उजव्या कोपऱ्यात दाराकडे सरकणारी पाठ माझी. शेवटच्या मंगलाष्टकाला जो दाराशी नाही, तो थेट आइस्क्रीम वितळल्यावर जेवतो.

ताट उचललं की पहिला मोह सॅलडचा. काकडी, पापड, कोशिंबीर सुरुवातीलाच मांडणारा केटरर काही भोळा नसतो. स्वस्तात ताट भरलं, की पुढे पनीरला जागाच उरत नाही. तिथे मान वळवायची नाही.

रांग खरी तुंबते पुरीपाशी. घाणा उतरेपर्यंत सगळे कढईकडे डोळे लावून उभे! मी मात्र मसालेभात, त्यावर तूप, शेजारी गरम जिलेबी घेऊन बाजूला होतो. पुरी दुसऱ्या फेरीत. तोवर निम्मं वऱ्हाड स्टेजवर फोटोला गेलेलं असतं. शिवाय टेबलाला दोन बाजू असतात. भिंतीकडची फक्त वाढप्यांची, असा पाहुण्यांचा समज आहे. तो मी कधीच दूर करत नाही.

आहेराचं पाकीट? ते मठ्ठ्यानंतर. उपाशीपोटी दिलेला आशीर्वाद लागत नाही म्हणतात. कोण म्हणतं? मीच.