मित्राचं लग्न, माइक आणि कात्री

रिसेप्शनला निवेदक म्हणतो, "आता नवरदेवाचे जिगरी मित्र दोन शब्द बोलतील," आणि सगळ्यांत आधी नवरदेवाचाच चेहरा पडतो. दोन शब्दांची पंधरा मिनिटं होणार हे त्याला ठाऊक असतं. कोणते शब्द येणार, हेही. अशा भाषणातल्या खासगी फजित्या सभ्यता म्हणून गाळाव्यात, असं सगळेच सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे: त्या विनोदासाठीच गाळाव्यात.

नमुन्यादाखल एक किस्सा रचू. नवरदेव अकोल्याचा, कॉलेज अमरावतीत. रात्री बडनेऱ्याला तो घाईघाईत उलट्या दिशेच्या, म्हणजे नागपूरच्या गाडीत चढतो आणि शेजारच्या आजोबांना "मुर्तिजापूर आलं का उठवा" सांगून झोपतो. मित्राचा पहिला मसुदा मात्र एटीकेटीपासून सुरू होतो, मेसच्या उधारीवरून जातो आणि अकोल्यात ज्या मुलीला भेटायला हा निघाला होता तिच्या नावापाशी रेंगाळतो. तोवर पुढच्या सोफ्यावरचे सासरे ताठ झालेले असतात. नंतर आजोबा कितीही गमतीदार निघाले, तरी मांडवाचं डोकं त्या नावातच अडकलेलं. म्हणून "एकदा हा अकोल्याला निघाला" एवढंच ठेवायचं; ते खरंही आहे आणि पुरेसंही. गाडी नागपूरची, हे मात्र आधीच सांगायचं, कारण पुण्याच्या पाहुण्यांना नंतर नकाशा समजावत बसलं की हशा गेला. मग वर्ध्याला जाग येते, नवरदेव चिडतो, "उठवलं काऊन नाही?" आजोबा म्हणतात, "आलंच नाही ना बाप्पा! मी तं कवाचा वाट पाहून रायलो." इथेच थांबायचं. टीसीचा दंड, बाबांचा फोन, "असा हा आमचा भोळा मित्र" हे सगळं कापायचं.

कोणी म्हणेल, खरी मजा तर गुपितातच असते. होस्टेलची पोरं त्यावरच लोळतात. लोळतात, पण ती ओळखीची खूण असते. बाकीचा मांडव तेव्हा ताटाकडे पाहतो. दुसरा आक्षेप, नवरदेवानंच "बिनधास्त बोल" म्हटलं होतं. पण परवानगी त्याच्या झोपेपुरती. त्या मुलीच्या नावावर त्याचा हक्क नाही, आणि नवरीला तर कोणी विचारलेलंच नसतं. राहिली चव जाण्याची भीती. चव गुपितानं येत नाही, बडनेरा, मुर्तिजापूर आणि आजोबांच्या प्रामाणिकपणानं येते. खात्री करायची असेल तर मसुदा नवरदेवाला कधीच न भेटलेल्या माणसाला वाचून दाखवावा. जिथे "तुला माहीत नाही, पण..." म्हणावं लागेल, ते वाक्य कापावं. कापलेलं वाया जात नाही. जेवणं उरकल्यावर मित्रांचा घोळका बसतोच, आणि तिथे माइकही नसतो, सासरेही नसतात.