तारीख नेमकी कशानं हुकली?

रिलीजची तारीख पुढे गेली की रिव्ह्यू मीटिंगमध्ये निकाल ठरलेला असतो: ‘टीम स्लो आहे.’ आरोपपत्र आधी आणि तपास नंतर, तोही झाला तर! भिंतीवर बर्नडाउन चार्ट लावलेला असेल, तर तपास होणारच नाही. तो फक्त शिल्लक काम दाखवतो. ते का उरलं, हे त्याला सांगताच येत नाही.

दोन टीम घ्या. दोघींपुढे 200 पॉइंटांचं काम, दर स्प्रिंटला 20 पॉइंट, म्हणजे दहाव्या स्प्रिंटअखेर रिलीज. सहा स्प्रिंट उलटले. आतापर्यंत 80 पॉइंट उरायला हवे होते, पण दोन्हीकडे 140 उरलेत आणि शिल्लक दर स्प्रिंटला जेमतेम दहानं घटतेय. दोघींचे बर्नडाउन हुबेहूब सारखे. याच चालीनं दोघी विसाव्या स्प्रिंटला पोचतील.

आता बर्नअप उघडा. इथे रेघा दोन असतात: खालची पूर्ण झालेल्या कामाची, वरची एकूण कामाची. त्या जिथे भेटतील, ती रिलीजची तारीख. पहिल्या टीमची वरची रेघ 200वर सपाट आहे आणि खालची 60वर रेंगाळलीय. इथे काम खरंच अडलंय, कुठे ते शोधा. दुसऱ्या टीमची खालची रेघ ठरल्याप्रमाणे 120वर आहे, पण वरची चढत चढत 260वर गेलीय. टीम वीस पॉइंट संपवते, तोवर दहा नवे येऊन पडतात. हिला वेग वाढवायला सांगणं हा सरळ अन्याय आहे. आज स्कोप गोठवला, तर उरलेले 140 सात स्प्रिंटांत संपतील आणि रिलीज तेराव्याला होईल. पहिल्या टीमचा स्कोप गोठवून एक दिवसही वाचणार नाही.

मात्र वरची रेघ चढली म्हणून लगेच क्लायंटकडे बोट दाखवू नका. ते 60 पॉइंट आले कुठून, ते बघा. समजा 25 नव्या मागण्यांचे निघाले, 20 जुन्याच स्टोरींचे अंदाज वाढवल्यामुळे आणि 15 आपल्याच बगांचे. क्लायंटशी बोलायचं ते फक्त त्या 25बद्दल. अंदाज चुकले आणि बग झाले, ते आपलं देणं आहे. म्हणून पॉइंटांसोबत स्टोरींची संख्याही मोजा. पॉइंट वाढले आणि संख्या तेवढीच राहिली, तर नवं काही मागितलेलं नाही, आधीचा अंदाज तोकडा होता.

खालच्या रेघेलाही कडक नियम हवा. ‘नव्वद टक्के झालंय’ म्हणजे शून्य. टेस्ट होऊन स्वीकारलेलं कामच तिथे चढवा.

पुढच्या रिव्ह्यूला मॅनेजरांनी दोन गोष्टी आणाव्यात: या दोन रेघा, आणि वाढलेल्या प्रत्येक पॉइंटापुढे तारीख नि कारण. ‘स्लो’ हा शब्द त्यानंतरच उच्चारावा.